ब्रिजमध्ये चार-चारवरून सहा-आठवर जाताना धक्का कुठे बसत होता

एका गाण्याच्या ब्रिजमध्ये ताल बदलायचा, हे मी चाल बांधतानाच ठरवून टाकले होते. अंतरे आणि कोरस चार-चारमध्ये, मिनिटाला ९६ ठोक्यांच्या गतीने चालत होते आणि हाय-हॅट प्रत्येक ठोक्याचे सरळ दोन भाग करत होता. ब्रिजच्या ओळी मात्र झुलणाऱ्या होत्या. त्या चार-चारमध्ये बसवल्या की प्रत्येक ओळीच्या शेवटी काहीतरी रिकामे उरत असे आणि ते भरण्यासाठी मला एखादा निरर्थक शब्द घालावा लागत असे. त्याच ओळी सहा-आठमध्ये गुणगुणल्या की कुठेही कोपरा न दुखावता बसत. तेव्हा ब्रिजचे आठ बार सहा-आठमध्ये करायचे, आणि मग शेवटच्या कोरसला पुन्हा चार-चारवर यायचे, एवढेच काम होते. ते मला एका दुपारचे वाटले होते. प्रत्यक्षात त्याला तीन आठवडे लागले, आणि त्यातला बराचसा वेळ नेमका काय चुकते आहे हे ओळखण्यातच गेला.

पहिला प्रयत्न मी संगणकावर केला आणि तिथेच फसलो. ब्रिज सुरू होतो त्या बारवर टाइम सिग्नेचर ४/४ ऐवजी ६/८ केली आणि टेम्पोच्या चौकटीतला ९६ हा आकडा तसाच ठेवला, कारण गाण्याची गती बदलायची नव्हती. पण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा क्वार्टर नोटचा असतो, मग टाइम सिग्नेचर कोणतीही असो. त्यामुळे झाले असे की चार-चारमधला अर्धा ठोका आणि सहा-आठमधली एक मात्रा यांची लांबी सारखी राहिली, आणि जे खरोखर पायाला जाणवते ते, म्हणजे मोठा ठोका, बदलला. चार-चारमध्ये दर ०.६२५ सेकंदाला पाय खाली येत होता. सहा-आठमध्ये मोठा ठोका तीन मात्रांचा असल्याने तो दर ०.९३७५ सेकंदाला येऊ लागला. गती कागदावर तीच होती, पण ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ९६ ठोक्यांवरून एकदम ६४ ठोक्यांवर उतरणे झाले. चालत्या गाडीला ब्रेक लागल्यासारखे वाटत होते, आणि मी आठवडाभर त्याचा दोष ड्रमच्या फिलवर टाकत राहिलो. फिल बदलून बदलून मी पाच प्रकारचे केले; धक्का जागेवरच होता.

दोष फिलमध्ये नाही हे आमच्या ड्रमरने दाखवून दिले, आणि तेही वाद्याला हात न लावता. त्याने मला गाणे ऐकवत टेबलावर बोट वाजवायला सांगितले आणि ब्रिज आल्यावर म्हणाला, “तुझं बोट थांबलं बघ.” खरोखरच थांबले होते. नवा ठोका कुठे आहे ते शोधण्यासाठी ते हवेत अडकले होते आणि दुसऱ्या बारच्या मध्यावर पुन्हा खाली आले. मी स्वतः रचलेले गाणे होते, बदल कधी येणार हे मला पक्के माहीत होते, तरीही बोट थांबले. त्या दिवसापासून ही बोटाची परीक्षा मी प्रत्येक प्रयत्नाला लावली. चांगले वाटते की वाईट, या प्रश्नापेक्षा बोट थांबते की नाही, हा प्रश्न फार उपयोगी आहे.

मग अर्थातच मोठा ठोका कायम ठेवायचा, असे ठरले. चार-चारमधला एक ठोका बरोबर सहा-आठमधल्या तीन मात्रा. त्यासाठी टेम्पोच्या चौकटीत १४४ लिहावे लागते, कारण तीन मात्रांचा ठोका हा दीड क्वार्टर नोटचा असतो. या वेळी बोट एकदाही थांबले नाही. स्नेअरसुद्धा आपल्या जुन्या जागी, दर दुसऱ्या ठोक्यावर, पडत राहिला. पण आता मात्रा मिनिटाला २८८ झाल्या होत्या. शास्त्रीय संगीत शिकलेल्यांच्या भाषेत सांगायचे तर आम्ही लय तीच ठेवून आड केली होती, दोनाच्या जागी तीन, आणि दीडपटीच्या त्या घाईत ब्रिजचे शब्द सांडत होते. प्रत्येक मात्रेला ०.२०८ सेकंद मिळतात. त्यात जोडाक्षर असलेला शब्द गायिकेला स्पष्ट म्हणता येईना. शिवाय ज्या झुलण्यासाठी हा सगळा खटाटोप होता, ते झुलणे जाऊन तिथे उड्या आल्या होत्या. सांधा निर्दोष होता आणि ब्रिज निरुपयोगी.

तिसरा मार्ग त्या दोहोंच्या पलीकडे होता आणि तो सापडल्यावर इतका उघड वाटला की स्वतःचीच चीड आली. चार-चारमध्ये चारही ठोके सारख्या वजनाचे नसतात. पहिल्या आणि तिसऱ्यावर किक असते, दुसऱ्या आणि चौथ्यावर स्नेअर. म्हणजे चार ठोक्यांच्या मागे आणखी एक संथ चाल आहे, बारमध्ये दोन पावलांची, आणि आमच्या गाण्यात ती मिनिटाला ४८ होती. कायम ठेवायचे ते हे संथ पाऊल. बारची लांबी अडीच सेकंद तशीच राहील. चार-चारमध्ये अर्ध्या बारचे दोन भाग होतात, सहा-आठमध्ये त्याच अर्ध्या बारचे तीन होतील. मात्रा ०.४१७ सेकंदाची, मिनिटाला १४४, म्हणजे शब्दांना ऐसपैस जागा. टेम्पोच्या चौकटीत यासाठी ७२ लिहावे लागते. सहा-आठचा बार तीन क्वार्टर नोटचा असतो आणि ७२ च्या गतीने तीन क्वार्टर नोटना अडीचच सेकंद लागतात, हा हिशेब मी दोनदा करून पाहिला, कारण गती “तशीच” ठेवण्यासाठी आकडा कमी करावा लागतो ही गोष्ट मनाला पटत नव्हती.

इथे गोष्ट संपायला हवी होती. बार जुळले, किक जुळली, शब्द बसले. तरी बोटाच्या परीक्षेत बोट किंचित अडखळत होतेच. थांबत नव्हते, पण पहिल्या बारमध्ये दोनदा उगाच वाजून मग संथ होत होते. ऐकणारा चार ठोके मोजत आत येत होता आणि त्यातले दोन त्याच्या हातून कुणीतरी अचानक काढून घेत होते.

ब्रिजच्या पहिल्या ठोक्यावर नेमके काय काय बदलते याची मी यादी केली, तेव्हा ती भलतीच लांब निघाली. स्नेअरची जागा बदलत होती. ठोक्याची विभागणी दोनावरून तीनावर जात होती. कॉर्ड जीवरून बी मायनरवर उडी घेत होता. आवाज वरच्या पट्टीत चढत होता. आणि या सगळ्यावर शिक्का मारावा तसा ड्रमरने क्रॅश सिंबल वाजवला होता. यातली प्रत्येक गोष्ट एरवी नवा भाग सुरू झाला हे सांगण्यासाठीच वापरतात, आणि आम्हाला तर नवा भाग कधी सुरू झाला ते लपवायचे होते. ताल बदलल्यामुळे जेवढा धक्का बसत होता, त्याहून जास्त या गर्दीमुळे बसत होता.

म्हणून कोरसच्या शेवटच्या चार बारपासून एकेक थर वेगळा बदलायचा, असे आम्ही ठरवले. शेवटच्या चार बारमध्ये स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावरून काढून फक्त तिसऱ्यावर ठेवला. ताल अजून पूर्ण चार-चारच आहे, हाय-हॅट आठ आघात देतोच आहे, पण कानाला संथ पावलाची सवय लागू लागते. पुढे सहा-आठमध्ये स्नेअर चौथ्या मात्रेवर येणार आहे आणि ती जागा नेमकी या तिसऱ्या ठोक्याचीच आहे. शेवटच्या दोन बारमध्ये हाय-हॅट बंद केला, म्हणजे दोन-दोनाची विभागणी सांगणारे कुणीच उरले नाही. गिटार फक्त पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर एकेक हात मारते. हे दोन बार मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांत संगीत दोनाचेही नाही आणि तीनाचेही नाही. अगदी शेवटच्या बारच्या उत्तरार्धात गायिका ब्रिजच्या ओळीचा उचल म्हणते: तीन अक्षरे, अर्ध्या बारमध्ये समान अंतरावर. ऐकणाऱ्याला तीनाची पहिली खूण ही अशी शब्दांतून मिळते, ताल बदलण्याच्या आधीच.

क्रॅश काढून टाकला. ब्रिजचा पहिला बार त्याच जी कॉर्डवर ठेवला, बेस गिटारचा सूरही तोच, आणि कॉर्ड दुसऱ्या बारला बी मायनरवर नेला. हाय-हॅटच्या सहा मात्रासुद्धा दुसऱ्या बारपासूनच सुरू केल्या. पहिल्या बारमध्ये त्या फक्त गिटारच्या हलक्या आर्पेजिओत ऐकू येतात. रेकॉर्डिंगमध्ये सांधा कुठे आहे असे विचारले तर लोक बहुतेक वेळा दुसऱ्या बारकडे बोट दाखवतात. तोवर आपण सहा-आठमध्ये अडीच सेकंद घालवलेले असतात.

एवढे करूनही पहिल्या तालमीत धक्का बसलाच, आणि हा दोष मला सर्वांत उशिरा कळला. गायिकेचा तो तीन अक्षरांचा उचल समान पडत नव्हता. चार-चारमध्ये मुरलेला कान अर्ध्या बारमध्ये तीन आघात टाकताना त्यांना नकळत जवळच्या ओळखीच्या खाचांत बसवतो: बारीक आठ भागांपैकी तीन, तीन आणि दोन. ऐकायला दोन्ही प्रकार इतके जवळचे आहेत की तालमीत कुणालाच फरक कळला नव्हता. मी रेकॉर्डिंग पडद्यावर मोठे करून मोजले. अर्धा बार सव्वा सेकंदाचा. समान तीन भागांत दुसरे अक्षर ०.४१७ सेकंदावर आणि तिसरे ०.८३३ सेकंदावर यायला हवे. आमचे दुसरे ०.४७ च्या आसपास येत होते आणि तिसरे ०.९३ च्या पुढे. तिसरे अक्षर म्हणजे जवळजवळ दशांश सेकंद उशिरा. परिणाम असा की ऐकणाऱ्याला त्या उचलीत तीन ऐकूच येत नव्हते, एक नखरेल चार-चार ऐकू येत होते. आणि पुढच्याच क्षणी खरे तीन सुरू झाले की ते परके वाटत. आम्ही दिलेली खूणच चुकीच्या तालाकडे बोट दाखवत होती.

हे दुरुस्त करण्याचा उपाय गायिकेनेच काढला. तिचे तालाचे शिक्षण तबल्याच्या बोलांवर झालेले होते. मेट्रोनोम ४८ वर लावून ती प्रत्येक टिकीला “धा धी ना, धा ती ना” असे तीन-तीन बोल म्हणू लागली, हाताने टाळी मात्र टिकीबरोबर फक्त एकच. ते स्थिर झाल्यावर टाळ्या दोन केल्या: एक टिकीवर आणि एक दोन टिकींच्या बरोबर मध्ये. मधली टाळी “धी”च्या नंतर आणि “ना”च्या आधी, त्या दोहोंच्या नेमक्या मध्यावर पडली पाहिजे. टाळी “धी”वरच येऊन चिकटू लागली की समजायचे, बोल तीन-तीन-दोनाकडे घसरले. टिकीचे मनात सहा बारीक भाग केले तर बोल पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या भागावर येतात आणि टाळ्या पहिल्या व चौथ्यावर. त्यामुळे एकूण ऐकू येणारा आकृतिबंध एक, तीन, चार, पाच असा असतो आणि दुसरा व सहावा भाग रिकामे राहतात. ते रिकामे भाग ऐकू आले की आकृतिबंध बरोबर. ड्रमर सुरुवातीला हसला, पण आठवड्याने तोही सांध्यापूर्वीचे दोन बार मनात बाराच्या हिशेबाने मोजत होता, कारण बारा बारीक भागांत चार-चारचा ठोका तीन भागांचा आणि सहा-आठची मात्रा दोन भागांची होते, आणि मोजणी मध्ये कुठेही तोडावी लागत नाही.

क्लिकचाही एक त्रास होता. सॉफ्टवेअर चार-चारमध्ये मिनिटाला ९६ टिक देत होते आणि ब्रिज आला की मात्रांच्या हिशेबाने १४४. कानात अचानक जलद टिकटिक सुरू झाली की वाजवणारा माणूस गती वाढल्याच्या समजुतीने पुढे सरकतोच. कोरसच्या शेवटच्या चार बारपासून ब्रिज संपेपर्यंत मी क्लिक फक्त संथ पावलावर, ४८ वर ठेवला. तसेच गिटारवरच्या डिलेचे. तो एका ठोक्यावर, ६२५ मिलिसेकंदांवर बांधलेला होता. त्याचे प्रतिध्वनी ब्रिजमध्ये पाझरून प्रत्येक बारमध्ये चार ठोके वाजवत राहत आणि सहा मात्रांशी भांडत. तो दुप्पट करून १२५० वर नेला, तेव्हा प्रतिध्वनी दोन्ही तालांना समान असलेल्या जागीच पडू लागला.

परतीची वाट मी सोपी समजत होतो, कारण लोकांना चार-चार आधीपासून माहीत असते. पण वीस सेकंद झुलल्यावर एकदम चार सरळ ठोके आले की ते घाईचे वाटतात, जरी बारची लांबी तीच असली तरी. तिथे आम्ही तोच उपाय उलटा वापरला. ब्रिजच्या सातव्या बारमध्ये ड्रम सहा-आठच वाजवत असताना गिटार हलक्या हाताने बारमध्ये चार समान आघात सुरू करते. लिहिताना ते दीड-दीड मात्रेचे चार स्वर होतात. आठव्या बारमध्ये हाय-हॅट थांबतो आणि किक फक्त दोन पावलांवर राहते. शेवटचा कोरस येतो तेव्हा गिटारचे चार आघात आधीच चालू असतात आणि ड्रम त्यांना येऊन मिळतात. इथे गिटारवाल्याला पहिल्यांदा फार अवघड गेले, कारण हात शेजारच्या सहा मात्रांना ओढला जातो आणि दुसरा आघात लवकर पडतो. त्याला ड्रम बंद करून फक्त बेस गिटारच्या दोन पावलांवर वाजवायला लावले आणि ड्रम नंतर हळूहळू वाढवले, तेव्हा ते सुटले.

शेवटच्या मिश्रणावर मी ज्यांनी गाणे कधीच ऐकले नव्हते अशा तिघांना बोट वाजवायला सांगितले. दोघांची बोटे कोरसच्या शेवटी, स्नेअर सरकल्यावरच, आपोआप चारावरून दोनावर आली आणि ब्रिजमधून तशीच पार झाली. तिसरा माणूस चार ठोके शेवटपर्यंत वाजवत राहिला, सहा-आठच्या ब्रिजभरही, आणि त्याला ताल बदलल्याचे कळलेच नाही. हे यश म्हणावे की अपयश, याबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. ड्रमरचे म्हणणे, न कळण्याइतका बदल लपवायचा तर तो करायचाच कशाला. मला वाटते, त्याचे शब्दांकडे लक्ष होते आणि तेच हवे होते.

हा मार्ग प्रत्येक गतीला चालत नाही, हे पुढच्याच गाण्यात दिसले. ते मिनिटाला ६८ ठोक्यांचे आहे. त्यात संथ पाऊल कायम ठेवले तर ते ३४ वर जाते, दोन पावलांत पावणेदोन सेकंदांहून अधिक अंतर पडते, आणि एवढ्या अंतरावरच्या आघातांची चाल शरीराला धरता येत नाही. ऐकणारा मधल्या मात्रा मोजू लागतो आणि झुलणे मोडते. तिथे आम्ही आधी टाकून दिलेला दुसरा मार्ग घेतला. ठोका तोच, त्याचे तीन भाग, टेम्पोच्या चौकटीत १०२. मात्रा ०.२९४ सेकंदाची झाली आणि शब्द नीट म्हणता आले. स्नेअर मात्र या वेळी हलवावा लागला नाही, त्यामुळे तयारीला चार बारांऐवजी दोनच पुरले.